सरासरी, विस्तार आणि त्रुटिरेषा (जीवशास्त्र प्रात्यक्षिक)

एकच मोजमाप पुन्हा पुन्हा घेतले की जिवंत वस्तू दर वेळी थोडे वेगळे उत्तर देते. या वाचनांचा मध्य सरासरी सांगते, तर विस्तार म्हणजे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान वाचनातील फरक. हाच पसरटपणा आलेखावर उभ्या रेघेने दाखवला की तिला त्रुटिरेषा किंवा एरर बार म्हणतात.

पुण्यातल्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात हायड्रिलाची फांदी चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात ठेवून मिनिटाला किती बुडबुडे सुटतात ते मोजले, असे समजू. दिवा २० सेंमीवर असताना २८, ३० आणि ३५ बुडबुडे आले. सरासरी ३१, विस्तार ७. त्रुटिरेषा २८ पासून ३५ पर्यंत काढायची. सरासरीच्या वर ७ आणि खाली ७ असे काढणे ही वहीत हमखास दिसणारी चूक. त्याने रेघ दुप्पट लांब होते.

दिवा ४० सेंमीवर नेल्यावर २९, २४ आणि १० आले. सरासरी २१, म्हणजे फरक मोठा वाटतो. पण रेघ १० ते २९ अशी लांब आहे आणि २० सेंमीच्या रेघेला भिडते. १० हे वाचन संशयास्पद आहे, मात्र नकोसे म्हणून खोडता येत नाही. दिवा हलवल्यावर पाचेक मिनिटे न थांबता मोजणी केली, किंवा देठाच्या कापावर बुडबुडा अडकला, अशी नोंद असेल तरच ते वगळून पुन्हा मोजावे. नव्याने २२ आले, तर सरासरी २५ होते आणि रेघ २२ ते २९ इतकी आखडते. तरीही ती २८ च्या वर पोचतेच! तीन वाचनांवर फरक ठामपणे सांगता येत नाही, आणखी हवीत. पण वाचने वाढली की विस्तार कमी होत नाही, झाला तर वाढतोच. म्हणून दहा-बारा वाचने असतील तेव्हा प्रमाण विचलन वापरलेले बरे.

अंतर ही सलग बदलणारी राशी असल्याने इथे बिंदू आणि रेषेचा आलेख योग्य. एक्सेलमध्ये मात्र Line निवडल्यास १०, २० आणि ४० सेंमी समान अंतरावर बसतात आणि उताराचा आकारच बदलतो, Scatter घ्यावा. त्रुटिरेषांसाठी तयार Standard Error निवडला तर सगळ्या बिंदूंना सारख्याच लांबीच्या रेघा मिळतात, कारण तो तुमची मूळ वाचने पाहतच नाही. Custom मध्ये प्रत्येक बिंदूच्या वरची व खालची लांबी स्वतः द्यावी लागते.

वेताळ टेकडीवरील गिरिपुष्पाची उन्हातली आणि सावलीतली पाने तुलनेला घेतली, तर ते दोन गट आहेत, मध्ये काही नाही. तिथे सुटे स्तंभ काढावेत, ते रेषेने जोडू नयेत. एकाच झाडाच्या शंभर पानांच्या लांबीचे वर्गांतर केले असेल, तर चिकटलेल्या स्तंभांचा आयतालेख.