तीळ, एरंडी व करडईचे फोटो पाठवण्यापूर्वी

रब्बीत आमच्या कृषी सेवा केंद्राच्या व्हॉट्सॲपवर करडईच्या एकाच पिवळ्या पानाचा अगदी जवळून काढलेला फोटो येतो आणि त्याखाली ‘कोणते औषध मारू?’ एवढाच प्रश्न असतो. अशा फोटोवरून आम्ही औषधाचे नाव सांगत नाही, कारण मावा, मर आणि जमिनीतील ओलाव्याची कमतरता या तिन्ही कारणांनी पान पिवळे पडते. शिवाय पुन्हा फोटो मागवण्यात दोन दिवस जातात आणि तेवढ्यात मावा वाढतो.

करडई पिवळी पडू लागली असेल, तर प्रथम शेंडा आणि पानांची खालची बाजू यांचा फोटो काढावा. तेथे काळसर मावा आणि पानांवर चमकणारा चिकट स्राव दिसला, तर फवारणीचा विचार करता येतो. हा मावा बहुधा बांधाकडच्या ओळींतून आत शिरतो, म्हणून झाड शेतात कोठे होते तेही कळवावे. मावा नसेल आणि झाडाच्या एकाच बाजूची पाने पिवळी पडली असतील, तर ते झाड उपटून खोड उभे चिरावे व आतील भागाचा फोटो पाठवावा. आतून तपकिरी पट्टा दिसल्यास ती मर समजावी. मर फवारणीने बरी होत नाही. रोगट झाडे काढून टाकावीत, पिकाची फेरपालट करावी आणि पुढील पेरणीस ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करावी. ट्रायकोडर्मा आमच्याकडे मिळतो, परंतु उभ्या पिकातील मर थांबवण्यासाठी म्हणून आम्ही तो विकत नाही.

बुंध्यापासून शेंड्यापर्यंतचा एक फोटो मात्र प्रत्येक वेळी हवाच, कारण त्याशिवाय पीकही नीट ओळखता येत नाही. लहान करडई म्हणून पिवळ्या धोतऱ्याचा फोटो येतो. धोतऱ्याच्या काटेरी पानांच्या शिरांवर पांढरट पट्टे असतात आणि पान तोडताच पिवळा चीक येतो.

एरंडीच्या काही वाणांच्या खोडावरील पांढरी पूड हा नैसर्गिक मेणाचा थर असून तो बोटाने पुसला जातो. भुरीची शंका असल्यास पानांची खालची बाजू दाखवावी. तिळात फुलांऐवजी हिरव्या पानांचे झुबके दिसले, की बियाण्यात भेसळ असल्याची तक्रार आमच्याकडे येते. हा तुडतुड्यांमार्फत पसरणारा पर्णगुच्छ रोग आहे. असे झाड औषधाने पूर्ववत होत नाही, ते उपटून नष्ट करावे.

फोटो सकाळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढावेत आणि व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत, म्हणजे बारीक कीड अस्पष्ट होत नाही. पुण्यात येणे होणार असेल, तर मुळासकट झाड वर्तमानपत्रात गुंडाळून आणावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते वाटेतच सडू लागते. तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.