तासाभराच्या बुकिंगमध्ये किती कॅलरी जळतात?

काउंटरवर हमखास येणारा प्रश्न: "तासाला पाचशे कॅलरी जातात ना?" बॅडमिंटनमध्ये डबल्स खेळणाऱ्या 70 किलोच्या माणसाच्या एवढ्या जात नाहीत. आम्ही कोर्ट भाड्याने देतो, तरी हा हिशेब खरा सांगितलेला बरा.

स्वस्थ बसल्यावर शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण 1 कॅलरी वापरतं. मित्रांमधलं बॅडमिंटन त्याच्या सुमारे साडेपाचपट. म्हणजे 70 किलोला पूर्ण तासाचे 385. पण तासभर बुक केलेल्या कोर्टावर पूर्ण तास कोण खेळतं? कोणी उशिरा येतं, सहाजण असले की दोघे बाकावर, गुणांवरून वाद वेगळाच. प्रत्यक्ष खेळ 40 मिनिटांचा धरा. त्याचे 257 होतात. त्यातले 47 घरी बसूनही गेलेच असते. खेळामुळे जास्तीचे गेले ते 210.

आठवड्यातून तीन दिवस खेळलात तर 630, बारा आठवड्यांत साधारण साडेसात हजार. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. तीन महिन्यांत जेमतेम एक किलो, तेही खाणं न वाढवता. खेळून झाल्यावर गेटबाहेरच्या गाडीवर एक वडापाव खाल्ला, तर त्याचेच 300 च्या आसपास होतात. त्या दिवसाची कमाई संपून वर उधारी.

सिंगल्समध्ये जोर लावून खेळलात तर आकडा सातपटीपर्यंत जातो. पण वजन जास्त असेल, तर पहिले काही आठवडे डबल्सच बरं. नेटजवळचं शटल उचलायला पाय लांब टाकून एकदम थांबताना सगळा भार गुडघ्यावर येतो. रस्त्यावर पळायचे जाड टाचेचे बूट कोर्टावर नकोतच, त्यात घोटा मुरगळतो.

बॉक्स क्रिकेटमध्ये मजा भरपूर, घाम त्या मानाने कमी. खेळत असताना जेमतेम पाचपट, आणि बॅटिंग करणाऱ्या संघातले बाकीचे जाळीबाहेर गप्पा मारत असतात. तासातला अर्धा वेळ मैदानावर गेला तर जास्तीचे 130 च्या आसपास. उलट गरबा किंवा जोरकस नाच न थांबता अर्धा तास केला, तर बॅडमिंटनच्या 40 मिनिटांइतकं काम होतं. नाचात पाळी यायची वाट बघावी लागत नाही, एवढंच त्याचं गुपित.

मनगटावरच्या घड्याळाचा आकडा बहुधा याहून मोठा दिसेल. बरीच घड्याळं बसल्याजागी जाणाऱ्या कॅलरीही त्यातच धरतात. त्यापेक्षा खेळताना बोलून बघा. बोलता येतं पण गाता येत नाही, तर मेहनत मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर भारी. आणि खेळ संपताच काट्यावर अर्धा किलो कमी दिसला, तर तो घाम आहे. पाणी प्यायलात की परत येईल.