क्रॅनबेरी आणि लघवीचा संसर्ग: दाव्यामागची शंभर वर्षं

माझ्या मावशीला वर्षभरात तिसऱ्यांदा युरिन इन्फेक्शन झालं, तेव्हा तिच्या हातात केमिस्टने क्रॅनबेरीची पाकिटं ठेवली. पाण्यात पूड टाकायची, ढवळायची, दिवसातून दोनदा प्यायची. चार दिवस तिने ते केलं. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, उजव्या बाजूला बरगड्यांच्या खाली पाठीत कळा मारू लागल्या, उलट्या झाल्या. संसर्ग मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत चढला होता. दवाखान्यात शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागलं. त्या पाकिटात वाईट असं काहीच नव्हतं. पण आधीच झालेला संसर्ग बरा करणं हे त्याचं कामच नव्हतं, आणि ते तिला कुणी सांगितलं नाही. क्रॅनबेरीची कीर्ती कुठून आली हे कळलं की तिच्याकडून काय मागायचं आणि काय नाही, तेही कळतं.

क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेतलं फळ. मॅसॅच्युसेट्ससारख्या भागात दलदलीच्या जमिनीत त्याची शेती होते. चवीला इतकं आंबट-तुरट की साखरेशिवाय घशाखाली उतरत नाही. त्याचा लघवीशी वैज्ञानिक संबंध जोडला गेला तो 1914 साली. ब्लॅदरविक या अमेरिकी संशोधकाने आहार आणि लघवीची आम्लता यांचा अभ्यास केला. क्रॅनबेरीत बेंझोइक आम्ल असतं, शरीरात त्याचं हिप्युरिक आम्ल होतं आणि ते लघवीतून बाहेर पडतं. त्यावरून पुढे समज रुजला की लघवी आंबट झाली की जंतू मरतात. अँटिबायोटिकं नसलेल्या काळात ही कल्पना लोकांना पटली नसती तरच नवल.

1959 साली बोडेल, कोट्रान आणि कास यांनी ती तपासून पाहिली. हिप्युरिक आम्ल जंतूंना रोखतं हे खरं, पण त्यासाठी ते लघवीत जितकं असावं लागतं, तितकं माणसाला झेपेल एवढ्या रसातून उतरत नाही. गंमत नव्हे, काळजीची गोष्ट अशी की हे स्पष्टीकरण मागे पडूनही लोकांच्या बोलण्यात अजून टिकून आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या काही पाकिटांत क्रॅनबेरीसोबत सायट्रेटचे क्षार असतात, आणि ते लघवीची आम्लता कमी करतात. म्हणजे क्रॅनबेरी लघवी आंबट करून काम करते असं मानायचं, तर त्याच पाकिटातला दुसरा घटक नेमका उलटं काम करत असतो.

नवं स्पष्टीकरण 1984 मध्ये आलं. सोबोटा यांनी दाखवलं की क्रॅनबेरीचा रस जंतूंना मारत नाही, त्यांना पेशींना चिकटू देत नाही. हे समजून घेण्यासारखं आहे. मूत्रमार्गाच्या बहुतेक संसर्गांमागे ई. कोलाय हा आतड्यातला जंतू असतो. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. त्यांच्या टोकाने तो मूत्राशयाच्या अस्तराला धरून ठेवतो, म्हणून लघवीच्या धारेबरोबर वाहून जात नाही. पकड बसली नाही तर पुढचं दुखणंही टळतं. 1998 साली हॉवेल आणि सहकाऱ्यांनी क्रॅनबेरीतली प्रोअँथोसायनिडिन नावाची तुरट द्रव्यं यासाठी कारणीभूत ठरवली. यातली अडचण अशी की ही द्रव्यं आतड्यातून रक्तात फारच कमी शोषली जातात. त्यामुळे परीक्षानळीत दिसलेला परिणाम मूत्राशयात नेमका कसा घडतो, हे कोडं पूर्ण सुटलेलं नाही.

मर्यादाही इथूनच निघते. जंतूने एकदा पकड घेतली, अस्तराला सूज आली, लघवीत पू आला, की चिकटू न देणारी वस्तू देऊन काही साधत नाही. आग लागल्यावर दाराला कडी लावण्यासारखं ते आहे.

माणसांवरचे प्रयोगही एका सुरात बोलले नाहीत. 1994 साली एव्हॉर्न यांनी 153 वृद्ध स्त्रियांवर प्रयोग केला. काहींना रोज 300 मिलिलिटर क्रॅनबेरी पेय, इतरांना तशाच चवीचं पण क्रॅनबेरी नसलेलं पेय, असं सहा महिने दिलं. क्रॅनबेरी घेणाऱ्यांच्या लघवीत जंतू आणि पू एकत्र सापडण्याची शक्यता निम्म्याहून कमी झाली. बातमी जगभर गेली. पण त्यांनी मोजलं होतं ते लघवीतलं जंतू-पूचं प्रमाण, बाईला होणारा त्रास नव्हे. 2016 मध्ये वृद्धाश्रमांतल्या 185 स्त्रियांना एक वर्ष कॅप्सूल दिल्या, तेव्हा क्रॅनबेरी नसलेल्या तशाच कॅप्सूलपेक्षा फरक दिसला नाही.

अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्रित आढावा कोक्रेन ही संस्था घेते. 2012 च्या आढाव्यात निष्कर्ष होता की क्रॅनबेरीचा ठोस फायदा दिसत नाही. 2023 मध्ये 50 प्रयोग हाताशी आले आणि निष्कर्ष बदलला: वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये लक्षणांसह पुन्हा संसर्ग होण्याचा धोका सुमारे 26 टक्क्यांनी कमी होतो. मुलांमध्येही फायदा दिसला. वृद्धाश्रमांतल्या वृद्धांना, गरोदर स्त्रियांना आणि ज्यांचं मूत्राशय नीट रिकामं होत नाही त्यांना मात्र फायदा दिसला नाही.

26 टक्के म्हणजे प्रत्यक्षात किती? समजा, वारंवार त्रास होणाऱ्या 100 स्त्रिया आहेत आणि त्यांपैकी 50 जणींना वर्षभरात पुन्हा संसर्ग होणारच होता. सगळ्यांनी क्रॅनबेरी घेतली तर साधारण 37 जणींना होईल. तेरा जणींचा एक आजार टळला. मला हे लहान वाटत नाही, कारण प्रत्येक आजार टळला की अँटिबायोटिकचा एक कोर्स वाचतो. पण सदतीस जणींना त्रास झालाच, आणि त्यांच्यासाठी पुढचा उपाय अँटिबायोटिकच आहे. इथे वारंवार याचा अर्थही ठरलेला आहे: सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा. उन्हात फिरून आल्यावर एखाद्या दिवशी उन्हाळी लागली, तर ते यात मोडत नाही.

काय घ्यायचं हा प्रश्न उरतोच. संशोधनात बरेचदा दिवसाला 36 मिलिग्रॅम प्रोअँथोसायनिडिन हा आकडा येतो. मावशीचं पाकीट मी उलटसुलट करून वाचलं. त्यावर अर्काचं वजन होतं, प्रोअँथोसायनिडिनचं प्रमाण कुठेच नव्हतं. म्हणजे प्रयोगातला डोस तिला मिळत होता की नाही, हे सांगायचा मार्गच नाही. गोड पेयाच्या एका मोठ्या ग्लासात साखर सहज 30 ग्रॅमच्या आसपास जाते. मधुमेह असेल तर तो मार्ग सोडावा. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी आणि ऑक्झलेटचे मुतखडे होणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि कोकणातलं करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे. ते वेगळ्याच कुळातलं झाड आहे, क्रॅनबेरीवरचे प्रयोग त्याला लागू होत नाहीत.

मावशी बरी झाल्यावर डॉक्टरांनी तिला तीन गोष्टी सांगितल्या. जळजळ सुरू झाली की औषध घेण्याआधी लघवीचं कल्चर द्यायचं. ताप, थंडी किंवा पाठीत कळ आली तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि पाळी गेल्यानंतर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम सुरू करायचं, कारण त्या वयात पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग त्याने कमी होतो. क्रॅनबेरी चालू ठेवू का, असं तिने विचारलं. ते म्हणाले, "ठेवा. पण जळजळ होईल त्या दिवशी तिच्या भरवशावर बसू नका."