स्लाइड कधी उलटली?

माझा पुतण्या निफाडचा. शेतीच्या पदवीसाठी नाशिकला गंगापूर रोडवर खोली घेऊन राहतो. वनस्पतिरोगशास्त्राच्या पेपरच्या आठवडाभर आधी त्याचा फोन आला. "काका, सरांनी केवडा आणि भुरी या दोन रोगांतला फरक कुठंतरी फार छान सांगितला होता, पण सव्वा तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये तो सापडतच नाहीये." स्लाइडची पीडीएफ त्याच्याकडे होती. पण पीडीएफमध्ये सर काय बोलले ते नसतं, आणि व्हिडिओत कोणती स्लाइड कितव्या मिनिटाला आली ते कुठं लिहिलेलं नसतं. या दोन्हींना जोडणारी एक यादी हवी होती, ज्यात एका बाजूला वेळ आणि दुसऱ्या बाजूला विषय असेल.

ती हाताने करायची तर व्याख्यान पुन्हा ऐकावं लागतं. पण स्लाइड उलटते तेव्हा पडद्यावरचं चित्र एकदम बदलतं आणि हा बदल मोजता येतो. एका चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा उजेड आणि पुढच्या चित्रातल्या त्याच ठिपक्याचा उजेड यांतला फरक काढायचा आणि सगळ्या ठिपक्यांची सरासरी घ्यायची. काहीच बदललं नाही तर उत्तर 0, पांढऱ्याचं पूर्ण काळं झालं तर 1. `ffmpeg` हा मोफत प्रोग्राम ढोबळमानाने हेच करतो आणि या आकड्याला `scene` म्हणतो.

हा आकडा ज्याच्या वर गेला की बदलाची खूण धरायची, तो उंबरठा आम्ही पहिल्यांदा 0.4 ठेवला, कारण चित्रपटातली दृश्यं वेगळी करायला साधारण तेवढाच वापरतात. सव्वा तासात फक्त दोन खुणा मिळाल्या. सरांनी स्क्रीन शेअर करणं थांबवलं ती एक आणि पुन्हा सुरू केलं ती दुसरी. असं का झालं ते समजून घेण्यासारखं आहे. चित्रपटात दृश्य बदललं की सगळा पडदा बदलतो. स्लाइडचा बहुतेक भाग मात्र पांढराच असतो आणि पुढच्या स्लाइडवरही तो पांढराच राहतो. अक्षरांची शाई पडद्याचा जेमतेम 5 टक्के भाग व्यापते. जुनी 5 टक्के शाई गेली, नवी 5 टक्के दुसरीकडे आली, म्हणजे फरक 0.1 च्या आसपास. तो 0.4 च्या उंबरठ्यावरून कसा जाईल?

मग उंबरठा किती खाली आणायचा? याचंही गणित करता येतं. 1280 गुणिले 720 च्या पडद्यावर 9,21,600 ठिपके असतात. स्लाइडवर एक नवा मुद्दा उमटला, त्यात 40 अक्षरं आहेत आणि प्रत्येक अक्षराला साधारण 200 ठिपके शाई लागते असं धरू. एकूण 8,000 ठिपके, म्हणजे 0.009. नव्या मुद्द्याला 0.009 आणि नव्या स्लाइडला 0.1, म्हणून उंबरठा या दोन्हींच्या मध्ये, 0.03 वर ठेवला.

तरीही पहिल्या फेरीत नको त्या खुणा आल्या. कोपऱ्यात सरांच्या कॅमेऱ्याची खिडकी होती. ती पडद्याचा सोळावा भाग असली, तरी सरांच्या खोलीत दिवा लागला की तेवढा सगळा भाग उजळतो आणि आकडा 0.03 ओलांडतो. त्यामुळे उजवीकडची ती पट्टी कापून टाकली. दुसरी अडचण विरत जाणाऱ्या स्लाइडची होती. एक स्लाइड सेकंदभर विरत दुसरी उमलली तर तो 0.1 चा बदल 25 चित्रांत वाटला जातो आणि प्रत्येक पायरी 0.004 चीच उरते. म्हणून सगळी चित्रं न घेता दर दोन सेकंदांना एकच घ्यायचं आणि त्यांचीच तुलना करायची. शेवटी आज्ञा अशी झाली:

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -an -vf "crop=960:720:0:0,fps=1/2,select='gt(scene,0.03)',showinfo" -f null - 2> khuna.txt
```

`khuna.txt` मध्ये प्रत्येक बदलासमोर `pts_time` आणि त्यापुढे सेकंद मिळतात. पहिली स्लाइड त्यात नसते, कारण तिच्याआधी तुलनेला चित्रच नाही. तिची ओळ 0:00 अशी आपणच लिहायची.

आता पडताळणी. ती करायलाच हवी. पीडीएफमध्ये 31 स्लाइड होत्या आणि खुणा आल्या 35. त्यांतल्या दोन स्क्रीन शेअर थांबवण्याच्या आणि पुन्हा सुरू करण्याच्या होत्या, त्या खोडल्या. चार खुणा सर दोनदा रोगचक्राच्या आकृतीकडे मागे गेले त्याच्या होत्या. जाताना एक, परतताना एक. या मात्र खोडायच्या नाहीत. शिक्षक मागे जाऊन तीच आकृती पुन्हा दाखवतात तेव्हा बहुधा दोन गोष्टींचा संबंध सांगत असतात आणि परीक्षेत नेमकं तेच विचारलं जातं. राहिल्या 29. पहिली धरून 30 झाल्या, म्हणजे एक स्लाइड निसटली होती. यादीत एका ठिकाणी सात मिनिटं खूण नव्हती, तिथंच ती सापडली. फवारणीच्या वेळापत्रकाचे दोन तक्ते एकाच आराखड्याचे होते आणि त्यांत फक्त काही आकडे वेगळे होते. ठिपक्यांच्या हिशेबात तो बदल एखाद्या मुद्द्याएवढाही नव्हता.

यातून एक सवय लावून घेण्यासारखी आहे. वेळ घ्यायची स्लाइडच्या सुरुवातीची, पण चित्र घ्यायचं तिच्या शेवटचं. केवड्याची स्लाइड 1422 व्या सेकंदाला, म्हणजे 23:42 ला आली, तेव्हा तिच्यावर फक्त मथळा होता. मुद्दे एकेक करून आले. पुढची खूण 1580 व्या सेकंदाला होती, म्हणून चार सेकंद मागचं चित्र घेतलं:

```
ffmpeg -ss 1576 -i vyakhyan.mp4 -frames:v 1 kevda.png
```

त्यात सगळे मुद्दे होते, शिवाय सरांनी लाल पेनने काढलेला बाणही होता, जो पीडीएफमध्ये नाही. यादीत वेळ मात्र 23:42 ऐवजी 23:37 लिहिली. आपण दर दोन सेकंदांनीच पाहत होतो, आणि शिक्षक बरेचदा स्लाइड उलटण्याआधीच पुढचं वाक्य सुरू करतात.

वेळेसमोर स्लाइडचा मथळा जसाच्या तसा उतरवू नये असं माझं ठाम मत आहे. "केवडा (पुढे चालू)" या ओळीचा पेपरच्या आदल्या रात्री काही उपयोग नाही. पुतण्याने ओळी अशा लिहिल्या:

23:37 – केवडा: पानाच्या वर तेलकट डाग, खाली पांढरी वाढ, पान ओलं राहिलं तरच लागण
31:05 – भुरी: पांढरी भुकटी, पानावर पाणी साचायची गरज नाही
33:49 – पुन्हा रोगचक्र: केवडा आणि भुरी शेजारी ठेवून फरक
41:13 – बोर्डो मिश्रण 1 टक्का: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी

तिसरी ओळ म्हणजे सरांची मागे जाण्याची खूण. तो शोधत होता ते उत्तर तिथंच होतं. व्हीएलसीमध्ये `Ctrl+T` दाबून वेळ टाकली की थेट तिथं पोचता येतं. व्हिडिओ यूट्यूबवर असेल तर पत्त्याच्या शेवटी सेकंद जोडायचे, जसं 33:49 साठी `&t=2029`.

सर फळ्यावर लिहून शिकवत असतील तर मात्र हीच खूण उलट वाचावी लागते. लिहिताना बदल इतका हळू होतो की उंबरठ्यापर्यंत पोचतच नाही. फळा पुसला की एकदम मोठा आकडा येतो. म्हणजे तिथं खूण विषयाच्या शेवटी पडते, त्या विषयाची सुरुवात आधीच्या पुसण्यापाशी शोधायची आणि चित्र पुसण्याच्या जरा आधीचं घ्यायचं. फळ्यासमोर शिक्षकच येरझाऱ्या घालत असतील तर त्यांच्या हालचालीचा आकडा पुसण्याएवढाच मोठा होतो, आणि तिथं ही पद्धत चालत नाही.