बेरीज शंभर भरत नाही, तेव्हा कशाने भागायचे?

भारित सरासरी म्हणजे प्रत्येक घटकाच्या टक्केवारीला त्याच्या वेटेजने गुणून आलेल्या गुणाकारांची बेरीज करायची, हे सर्वांना ठाऊक असते आणि वेटेजची बेरीज नेमकी १०० असेल तेव्हा एवढ्यावर काम भागते. ती बेरीज ७५ किंवा ११० आली की मात्र दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात: गुणाकारांची बेरीज १०० ने भागणे आणि तीच बेरीज प्रत्यक्षात असलेल्या वेटेजच्या बेरजेने भागणे. पहिल्या पद्धतीने निघते ती शंभरांपैकी आतापर्यंत जमा झालेल्या गुणांची रक्कम, दुसऱ्या पद्धतीने निघते ती सरासरी.

एका विषयात गृहपाठाला २०, सहामाही परीक्षेला २५, प्रकल्पाला १५ आणि अंतिम परीक्षेला ४० टक्के वेटेज आहे असे धरू. विद्यार्थ्याला गृहपाठात ९०, प्रकल्पात ८० आणि अंतिम परीक्षेत ५५ टक्के मिळाले आहेत, तर सहामाहीचा रकाना रिकामा आहे. गुणाकार होतात १८, १२ आणि २२. त्यांची बेरीज ५२. ही ५२ च सरासरी म्हणून लिहून मोकळे होणारे अनेक जण दिसतात, पण तिच्याकडे क्षणभर नीट पाहिले तरी शंका यायला हवी, कारण विद्यार्थ्याचे सर्वांत कमी गुण ५५ आहेत आणि कोणतीही खरी सरासरी सर्वांत लहान संख्येच्या खाली जाऊच शकत नाही. उरलेल्या तीन घटकांचे वेटेज ७५ आहे. ५२ ला ७५ ने भागून १०० ने गुणले की ६९.३३ येतात.

सगळे घोडे अडते ते इथे. दोन्ही उत्तरांमधले १७ गुणांचे अंतर गणिताने मिटत नाही, तर रकाना रिकामा का आहे यावर अवलंबून असते. परीक्षा झालीच नसेल किंवा विद्यार्थ्याला रीतसर सूट दिली असेल, तर तो घटक अस्तित्वातच नाही. त्याचे वेटेज छेदातून वगळायचे आणि ६९.३३ लिहायचे. विद्यार्थी विनाकारण गैरहजर राहिला असेल आणि नियम त्याला शून्य देत असेल, तर सहामाहीचे गुण शून्य आहेत, वेटेजची बेरीज पूर्ण १०० आहे आणि ५२ हेच उत्तर बरोबर आहे. शून्य हाही एक गुणच आहे, रिकामा रकाना नाही; हा फरक न विचारता सूत्र चालवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

स्प्रेडशीटमध्ये हा घोळ गुपचूप होतो. B स्तंभात वेटेज आणि C स्तंभात गुण असतील, तर नुसते `SUM(B2:B5)` छेदात ठेवल्यास रिकाम्या घटकाचेही वेटेज मोजले जाते, म्हणजेच न सांगता शून्य दिले जाते. त्याऐवजी हे सूत्र वापरावे:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUMIF(C2:C5,"<>",B2:B5)
```

मग शिस्त एकच: सूट असेल तर रकाना खरोखर रिकामा ठेवायचा आणि शून्य द्यायचे असेल तर 0 टंकायचा.

काही जण वगळलेले २५ टक्के उरलेल्या तिघांत समान वाटतात, प्रत्येकी ८.३३. त्यातून ७०.७५ येतात, आणि ते ६९.३३ च्या इतके जवळ असते की चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. पण मुळात अंतिम परीक्षा प्रकल्पाच्या पावणेतीनपटीहून थोडी कमी महत्त्वाची होती (४० आणि १५). समान वाटणीनंतर ती जेमतेम दुप्पट उरते. वेटेजच्या बेरजेने भागल्यास वेटेज २६.६७, २० आणि ५३.३३ होतात आणि मूळ प्रमाण जसेच्या तसे राहते. हे आकडे आधी पूर्णांकात बदलून मग गुणू नयेत. पूर्णांकन करायचेच असेल तर अगदी शेवटी.

बेरीज शंभराहून जास्त असेल तर ती चुकून झाली आहे की बोनसमुळे, एवढेच तपासावे. चुकून असेल तर भागावे. बोनस असेल तर भागू नये: चार मुख्य घटकांत ९० सरासरी असलेल्या विद्यार्थ्याने १० टक्क्यांच्या बोनसमध्ये ५० मिळवले, तर त्याचे ९५ होतात, ११० ने भागल्यास ८६.३६, म्हणजे जादा काम करून त्याचे गुण घटले.