‘स’ कानाला का टोचतो?

‘सासू शेवनी भाजी करस.’ अहिराणीतलं हे साधं वाक्य मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि इअरफोन लावून ऐका. एवढ्याशा वाक्यात तीन ‘स’ आणि एक ‘श’ आहे. समोरासमोर बोलताना ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. रेकॉर्डिंगमध्ये मात्र प्रत्येक ‘स’ फुसकारा टाकल्यासारखा कानात घुसतो. अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’, आणि ‘करस’, ‘जास’ अशी क्रियापदं पावलोपावली येतात. त्यामुळे खान्देशातल्या गोष्टी, ओव्या किंवा आजीच्या आठवणी रेकॉर्ड करणाऱ्यांना हा त्रास जास्त जाणवतो.

‘आ’ म्हणताना गळ्यावर बोट ठेवलं तर कंप जाणवतो. ‘स’ म्हणताना तो जाणवत नाही, कारण तिथे स्वरतंतू कामच करत नाहीत. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे जवळजवळ टेकतं आणि मध्ये एक बारीक खाच उरते. तिच्यातून हवेची धार वेगाने निघते आणि दातांच्या कडेवर आपटते. तिथे हवेत भोवरे उठतात, त्यांचाच आवाज म्हणजे ‘स’. जिभेपुढे ओठांपर्यंत उरलेली पोकळी फार लहान असते, म्हणून ती उंच पट्टीच्या आवाजालाच उठाव देते. त्यामुळे ‘स’चा जोर साधारण 4,000 ते 10,000 हर्ट्झमध्ये असतो. ‘आ’चा बराचसा जोर 1,000 हर्ट्झच्या आसपास आणि खाली असतो. ‘श’ म्हणताना जीभ थोडी मागे सरकते, पुढची पोकळी वाढते आणि आवाज खाली उतरतो. म्हणूनच ‘श’ सहसा ‘स’इतका टोचत नाही. जुन्या टेलिफोनच्या तारेतून फक्त 300 ते 3,400 हर्ट्झचा आवाज जायचा. ‘स’चा गाभाच त्यात गाळला जायचा, म्हणून फोनवर नावं पुन्हा पुन्हा सांगावी लागत.

मग रेकॉर्डिंगमध्येच तो एवढा का चढतो? पहिलं कारण म्हणजे माइकची जागा. ‘स’ची हवा आणि त्याची उंच पट्टी, दोन्ही तोंडातून सरळ पुढे जातात, बाजूला फारशी पसरत नाहीत. गप्पा मारताना आपला कान कधीच समोरच्याच्या ओठांपुढे चार बोटांवर नसतो. माइक मात्र आपण तिथेच धरतो. मे महिन्यात धुळ्या-जळगावात पंखा बंद करून बसणं कठीण, आणि पंख्याची घरघर टाळायची म्हणून माइक आणखी जवळ आणला जातो. त्यात बऱ्याच माइकांची घडणच अशी असते की बोलणं स्पष्ट यावं म्हणून 5,000 ते 10,000 हर्ट्झचा पट्टा थोडा उचलून दिलेला असतो. ‘स’ नेमका तिथेच बसतो.

दुसरं कारण लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. आवाज एकसारखा करण्यासाठी बरीच अ‍ॅप्स कॉम्प्रेसर लावतात. तो मोठे आवाज दाबतो आणि मग सगळं रेकॉर्डिंग वर उचलतो. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर मोठे असतात, म्हणून ते दाबले जातात. ‘स’ मुळात त्यांच्यापेक्षा हलका असल्याने कॉम्प्रेसरच्या तावडीतून सुटतो आणि नंतरच्या उचलण्यात आयता वर येतो. कॉम्प्रेसर लावल्यावरच ‘स’ बोचू लागला असेल, तर त्याचं प्रमाण आधी कमी करा.

नुसता माइक हलवला तरी पुष्कळसं काम होतं. तोंडापासून एक वीतभर, म्हणजे 15 ते 20 सेंटिमीटरवर तो ठेवा. ओठांच्या सरळ पुढे न ठेवता बाजूला 30 ते 45 अंश सरकवा, पण त्याचं तोंड आपल्या गालाकडे असू द्या. हवेची धार मग त्याच्या बाजूने निघून जाते. कॉलरला लावायचा छोटा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावला की आपोआप धारेबाहेर राहतो. स्पंजाची टोपी किंवा जाळीचा पडदा लावून मात्र फार आशा धरू नका. त्यांचं खरं काम ‘प’, ‘फ’, ‘भ’चे धक्के अडवण्याचं आहे. माइक लांब गेल्यावर खोलीचा घुमारा वाढतो, आणि फरशी व सिमेंटच्या कोऱ्या भिंती ‘स’ सरळ परत फेकतात. म्हणून बोलणाऱ्याच्या मागे आणि समोर एकेक जाड गोधडी टांगा.

रेकॉर्डिंग आधीच झालेलं असेल, तर Audacity या मोफत प्रोग्रॅममध्ये ते दुरुस्त करता येतं. वरचंच वाक्य घेऊ. लाटेचं चित्र मोठं करून पाहिलं, की स्वरांच्या जागी एकसारखी नक्षी पुन्हा पुन्हा येताना दिसते. ‘स’च्या जागी नक्षी नसते, नुसता दाट केसाळ पट्टा असतो, साधारण 0.1 सेकंद लांबीचा. ‘करस’मधला शेवटचा ‘स’ निवडा आणि Analyze मधलं Plot Spectrum उघडा. Size 1024 ठेवा, कारण निवडलेला तुकडा छोटा आहे. आलेख कुठे सर्वांत उंच आहे ते बघा. समजा तो 7,000 हर्ट्झला आहे, तर त्रास तिथला आहे. आता तोच तुकडा निवडलेला असताना Z दाबा, म्हणजे निवडीच्या कडा लाट शून्यावर असलेल्या जागी सरकतात आणि कापल्यासारखी ‘टक’ येत नाही. मग Amplify मध्ये -5 लिहा आणि पुन्हा ऐका. 6 डेसिबल कमी केले की लाटेची उंची निम्मी होते, त्यामुळे 4 ते 6 एवढं बहुधा पुरतं.

दहा मिनिटांच्या गोष्टीत असे शेकडो ‘स’ निघतील, ते हाताने करणं शक्य नाही. तिथे डी-एसर नावाचं प्लगइन वापरतात. ते मघाशी सापडलेल्या पट्ट्यावर, म्हणजे इथे 5,000 ते 9,000 हर्ट्झवर, लक्ष ठेवतं आणि त्यातला जोर ठरावीक हद्दीपुढे गेला की तेवढ्या क्षणापुरता तो पट्टा खाली खेचतं. हद्द अशी ठेवा की त्याचा काटा ‘स’ आणि ‘श’वरच हलेल. स्वरांवरही हलू लागला तर हद्द फार खाली गेली आहे. घट 6 डेसिबलच्या आत ठेवा. त्यापुढे गेलात की ‘सासू’ची ‘थाथू’ होऊ लागते, जणू बोलणाऱ्याची जीभ दातांत अडकली आहे. अख्ख्या रेकॉर्डिंगची उंच पट्टी इक्वलायझरने सरसकट कापणं ही त्याहून मोठी चूक आहे. ‘च’ आणि ‘ट’ची धारही याच भागात असते, ती गेली की सगळं बोलणं गोधडीखालून आल्यासारखं लागतं.

कधी दोष रेकॉर्डिंगचा नसून इअरफोनचा असतो. तेच रेकॉर्डिंग स्पीकरवर आणि दुसऱ्या इअरफोनवर ऐका. एकाच ठिकाणी टोचत असेल, तर कारण कानात आहे. कानाची नळी सुमारे 2.5 सेंटिमीटर लांब, एका टोकाला उघडी आणि दुसऱ्याला पडद्याने बंद असते. अशी नळी 3,000 हर्ट्झच्या जरा वर घुमते. रबरी बोंड आत बसवलं की दोन्ही टोकं बंद होतात आणि घुमण्याची जागा बदलते. मध्ये 2 सेंटिमीटर जागा उरली, तर ती सुमारे 8,500 हर्ट्झला घुमेल, म्हणजे थेट ‘स’च्या घरात. बोंड 2 मिलिमीटर आणखी आत गेलं, तर हाच उंचवटा 9,500 च्या आसपास सरकतो. म्हणून इक्वलायझरला हात लावण्याआधी वेगळ्या मापाचं बोंड लावून आणि थोडं आत-बाहेर करून बघा. तरीही टोचलं, तर इक्वलायझरमध्ये 8,000 ची पट्टी 3 डेसिबल खाली घ्या, आणि तेवढ्याने न भागल्यास शेजारची पट्टीही 2 डेसिबल उतरवा.