गरोदरपणातील रुबेला प्रतिपिंडे : आयजीजी आणि आयजीएम

रुबेला (जर्मन गोवर) व गर्भाला बाधणाऱ्या इतर काही संसर्गांसाठी गरोदरपणाच्या सुरुवातीला रक्तातील प्रतिपिंडे तपासतात. ही तपासणी ‘टॉर्च’ या नावाने ओळखली जाते. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो विषाणू व हर्पिस या चारांच्या इंग्रजी आद्याक्षरांची ती मोट आहे. मधल्या ‘ओ’मध्ये सिफिलिससारखे ‘इतर’ संसर्ग येतात. आजार वेगवेगळे असले तरी अहवाल वाचताना प्रश्न बहुधा एकच असतो : संसर्ग झाला असेल तर तो कधी?

रुबेलात या ‘कधी’ला फार महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी 1941 मध्ये तान्ह्या मुलांमधील मोतीबिंदूचा संबंध आईला गरोदरपणी झालेल्या रुबेलाशी जोडला. पहिल्या अकरा-बारा आठवड्यांत आईला प्रथमच संसर्ग झाल्यास बाळाला बाधा होण्याची शक्यता 90 टक्क्यांपर्यंत जाते आणि डोळे, हृदय, कान यांत दोष राहतात. सोळाव्या आठवड्याच्या सुमारास मुख्य भीती बहिरेपणाची उरते आणि विसाव्यानंतर दोष क्वचितच आढळतात.

नव्या संसर्गात अंगावर पुरळ उठल्यावर चार-पाच दिवसांत आयजीएम या प्रकारचे प्रतिपिंड सापडू लागते आणि साधारण दोन-तीन महिन्यांत ओसरते. आयजीजी हा दुसरा प्रकार थोडा मागून येतो, पण बहुधा आयुष्यभर टिकतो. म्हणून फक्त आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर तो जुन्या संसर्गाचा किंवा लसीचा ठसा मानतात. बऱ्याच प्रयोगशाळा मिलिलिटरमागे 10 आंतरराष्ट्रीय एकके ही संरक्षणाची सीमा धरतात. आकडा 40 असो वा 300, मोठा आकडा म्हणजे ताजा आजार असे नव्हे. दोन्ही निगेटिव्ह असल्यास स्त्रीला संरक्षण नाही. रुबेलाची लस जिवंत विषाणूची असल्याने ती गरोदरपणात देत नाहीत. बाळंतपणानंतर देतात आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. अशा स्त्रीचा रुग्णाशी संपर्क आला, तर तीन-चार आठवड्यांनी आणि पुन्हा सहा आठवड्यांनी रक्त तपासावे लागते.

खरी पंचाईत आयजीएम पॉझिटिव्ह आल्यावर होते. समजा, 10,000 गरोदर स्त्रियांत नवा संसर्ग एकीलाच आहे आणि चाचणी निरोगी स्त्रियांपैकी 99 टक्क्यांना बरोबर ओळखते. उरलेल्या 1 टक्क्यामुळे तरीही सुमारे 100 जणींचा अहवाल खोटा पॉझिटिव्ह येईल. पार्व्हो विषाणूसारखा दुसरा संसर्ग किंवा रक्तातला संधिवात घटक चाचणीला चकवतो. काहींमध्ये लसीनंतरचे आयजीएम महिनोन्‌महिने रेंगाळते. लक्षण नाही, संपर्क नाही, तरी सरसकट आयजीएम तपासायचे, ही पद्धत म्हणूनच उपयोगापेक्षा घबराट अधिक निर्माण करते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नवव्या आठवड्यात एका स्त्रीचे आयजीएम सीमारेषेच्या जरा वर आणि आयजीजी 86 येते. तिला पुरळ आलेले नाही, ताप नाही. पहिली पायरी म्हणजे जुने अहवाल किंवा लसीची नोंद शोधणे. गरोदरपणाआधीचे आयजीजी पॉझिटिव्ह सापडले तर शंका बरीच विरते. ते नसेल, तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन तो जपून ठेवलेल्या पहिल्या नमुन्यासह एकाच प्रयोगशाळेत, एकाच वेळी तपासतात. वेगवेगळ्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. सोबत आयजीजीची ‘अ‍ॅव्हिडिटी’, म्हणजे विषाणूला चिकटण्याची पकड, मोजतात. ताज्या संसर्गात ही पकड सैल असते, पुढच्या काही महिन्यांत घट्ट होते. येथे आयजीजी स्थिर आणि पकड घट्ट निघाली. याचा अर्थ संसर्ग किंवा लस किमान तीन महिन्यांपूर्वीची. नऊ आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजलेले असल्याने गर्भधारणा सातच आठवड्यांपूर्वीची. म्हणजे घटना तिच्याही आधीची ठरते. हाच अहवाल विसाव्या आठवड्यात आला असता, तर पहिल्या आठवड्यांतील संसर्ग त्याने नाकारता आला नसता. पहिल्या तिमाहीतले रक्त जपून ठेवण्याचे मोल यात आहे.

आयजीजी चढत असेल आणि पकड सैल असेल, तर नवा संसर्ग संभवतो. मग गर्भवैद्यक तज्ज्ञाचा सल्ला घेतात. गर्भजलातील विषाणूची पीसीआर तपासणी संसर्गानंतर किमान सहा आठवड्यांनी व गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्यानंतर केली तरच भरवशाची ठरते. केवळ एका आयजीएमवरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नये.

इतर संसर्गांना हेच गणित जसेच्या तसे लागू पडत नाही. टोक्सोप्लाझ्मात आयजीएम वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकू शकते, आणि पकड सैल असली तरी संसर्ग नवाच असेल असे नाही. सायटोमेगॅलो विषाणूत आयजीजी असूनही तो पुन्हा जागा होतो किंवा नव्या प्रकाराचा संसर्ग होतो. धोका कमी होतो, संपत नाही. हर्पिसचे आयजीएम तर निदानाला जवळजवळ निरुपयोगी आहे. सिफिलिसची तपासणी मात्र स्वतंत्र पद्धतीने प्रत्येक गरोदर स्त्रीची करतात, कारण त्यावर पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय आहे.